ओळीची बेरीज शंभर भरत नाही तेव्हा: छायाचित्रातला टक्केवारीचा तक्ता तपासण्याची पद्धत

जनगणनेच्या किंवा एखाद्या सर्वेक्षणाच्या खंडातील पानाचे छायाचित्र हाती येते, त्यावरचा टक्केवारीचा तक्ता संगणकात उतरवला जातो, आणि उतरवून झाल्यावर एका ओळीची बेरीज ९९.९ येते, दुसरीची ९५, तिसरीची १०६.३. अशा वेळी नवख्या माणसाचा हात पहिल्यांदा वळतो तो एखादा आकडा किंचित हलवून शंभर जमवण्याकडे. माझाही वळला होता. ती गोष्ट पुढे येईलच. बेरीज न जुळण्याची कारणे चारच असतात: आपण चुकीचे वाचले, छापताना आकडे पूर्णांकित केले गेले, ती ओळ मुळात शंभर भरण्यासाठी नव्हतीच, किंवा छापील आकडाच चुकलेला आहे. कारण शोधायचे तेही याच क्रमाने. छपाईवर संशय घ्यायचा तो सर्वांत शेवटी, कारण माझ्या अनुभवात न जुळणाऱ्या दहा ओळींपैकी आठनऊ ओळींचा दोष उतरवून घेणाऱ्याकडेच निघतो.

छायाचित्र आधी, आकडे नंतर

पणजीच्या पाटो भागातील मध्यवर्ती ग्रंथालयात बसून मोबाइलवर काढलेले छायाचित्र असो की घरच्या टेबलावर काढलेले, ते उघडल्यावर पहिल्यांदा पानाचे चारही कोपरे दिसतात का ते पाहावे. जाड खंड पूर्ण उघडत नाही, शिवणीकडचा भाग आत वळतो आणि तिथला स्तंभ अर्धा दिसेनासा होतो. अशा पानाची बेरीज करण्यात अर्थ नाही, छायाचित्रच पुन्हा मागवावे. तक्त्याचा क्रमांक, शीर्षक, स्तंभांची नावे आणि पानाच्या तळाची टीप छायाचित्रात आली नसेल तरीही तेच करावे, कारण ओळ शंभर भरायला हवी की नको हे ठरते ते शीर्षकावरून आणि तळटीपेवरून.

आपल्याकडच्या दमट हवेत जुन्या कागदावर तपकिरी ठिपके पडतात आणि छायाचित्रात ते दशांश चिन्हासारखे दिसतात. खरे दशांश चिन्ह स्तंभातल्या सगळ्या ओळींत एकाखाली एक, एकाच उभ्या रेषेत येते. ठिपका त्या रेषेच्या बाहेर पडलेला असतो. छायाचित्र मोठे करून स्तंभ वरपासून खालपर्यंत एकदा नजरेखालून घातला की हे कळते. तळटीपेचा लहान अंक आकड्याला चिकटला की ०.४ चे ०.४२ होते, तेही इथेच लक्षात येते: सगळा स्तंभ एका दशांश स्थळाचा असताना एकाच आकड्याला दोन स्थळे असण्याचे कारण नाही.

गोव्यात आणखी एक अडचण येते ती पोर्तुगीज अमलातील, म्हणजे १९६१ च्या डिसेंबरपूर्वीच्या, तक्त्यांत. पोर्तुगीज पद्धतीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी बिंदू वापरला जातो. त्यामुळे १२,४ म्हणजे बारा पूर्णांक चार दशांश, आणि १.२३४ म्हणजे एक हजार दोनशे चौतीस. ही पद्धत ठाऊक नसलेला माणूस १२,४ चे १२४ करतो, किंवा आकडा जसाच्या तसा संगणकात टाकतो आणि संगणक त्याला आकडा न मानता मजकूर मानतो. मजकूर मानलेला आकडा बेरजेतून गुपचूप गळतो, हे अधिक वाईट.

उतरवून घेणे

हे काम दोघांनी करावे. एकाने छायाचित्र पाहून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने लिहावे, आणि वाचताना संख्या न म्हणता अंक म्हणावेत. घरी कोंकणी, कागदावर मराठी आणि तक्त्यात इंग्रजी अशा तिहेरी सवयीत सदुसष्ट आणि अडुसष्ट, किंवा एकोणसत्तर आणि एकोणऐंशी, यांची गफलत व्हायला वेळ लागत नाही. ‘सहा, नऊ, दशांश, दोन’ असे म्हटले की ती होत नाही. दुपारच्या जेवणानंतरच्या तासात मी हे काम कुणाला देत नाही, हा माझा वैयक्तिक नियम.

तक्त्यात जिथे रिकामे घर दिसते तिथे रिकामे, जिथे आडवी रेघ आहे तिथे रेघ, आणि जिथे ०.० आहे तिथे ०.० असेच नोंदवावे. बेरजेसाठी तिन्ही शून्यच धरले जातात, पण अर्थ वेगळा आहे: एका दशांश स्थळाच्या तक्त्यात ०.० म्हणजे काही नाही असे नसून ०.०५ पेक्षा कमी असे असू शकते.

पुढे सगळे समजावण्यासाठी मी एक छोटा तक्ता बनवला आहे. आकडे सरावासाठीचे आहेत, कोणत्याही गावाचे नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची नावे मात्र जनगणनेच्या घरयादीत असतात त्या धर्तीची आहेत. मूळ पान इंग्रजी अंकांत छापलेले आहे असे धरा. हा तक्ता पहिल्या वाचनात जसा उतरला तसा खाली देवनागरी अंकांत आहे.

| गाव | कुटुंबे | नळ | झाकलेली विहीर | उघडी विहीर | हातपंप | कूपनलिका | झरा | इतर | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| अ | १,२०० | ७१.४ | ६.८ | १५.२ | ०.३ | २.१ | ३.४ | ०.७ | १००.० |
| आ | ८०० | ५८.६ | ९.३ | २४.७ | ०.५ | १.९ | ४.२ | ०.८ | १००.० |
| इ | १,००० | ६३.८ | ११.२ | १३.१ | ०.४ | २.६ | ३.१ | ०.८ | १००.० |
| ई | १,००० | ८०.५ | ४.४ | ९.६ | ०.२ | १.७ | ९.२ | ०.७ | १००.० |
| एकूण | ४,००० | ६९.२ | ७.८ | १६.४ | ०.३ | २.१ | ३.४ | ०.७ | १००.० |

संगणकाच्या तक्त्यात आकडे इंग्रजी अंकांत भरले, कुटुंबे B स्तंभात आणि सात स्रोत C ते I या स्तंभांत आले, गाव अ दुसऱ्या ओळीवर आले, तर पुढची दोन सूत्रे पुरतात.

```
=COUNT(C2:I2)
=ROUND(SUM(C2:I2)-100,1)
```

पहिल्या सूत्राचे उत्तर ७ आलेच पाहिजे. ६ आले तर एक घर रिकामे आहे किंवा मजकूर म्हणून बसले आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत दुसऱ्या सूत्राकडे पाहू नये. मूळ तक्त्यातच रिकामे घर किंवा रेघ असेल, तर तेवढी घरे मात्र सातातून वजा धरावीत. दुसरे सूत्र शंभरपासूनचा फरक देते. त्यात ROUND मुद्दाम घातले आहे. संगणक दशांश आकडे द्विमान पद्धतीत साठवतो, त्यामुळे नेमकी शंभर भरणारी ओळही कधी कधी शंभरपेक्षा केसभर कमी दिसते, आणि ‘बेरीज शंभर आहे का’ असे थेट विचारले तर उत्तर नाही असे येते.

आपल्या तक्त्यात फरक येतो तो असा: अ उणे ०.१, आ शून्य, इ उणे ५.०, ई अधिक ६.३, आणि शेवटच्या ओळीत उणे ०.१. छापील ‘एकूण’ स्तंभ पाचही ओळींत १००.० म्हणतो. त्यावर विसंबू नये. असे बहुतेक तक्ते छापताना तो स्तंभ बेरीज करून भरलेला नसतो, शंभर असणारच म्हणून भरलेला असतो.

०.१ चा फरक ही चूक नव्हे

पूर्णांकनाचा परिणाम किती होतो हे पाहायला खरे आकडे घेऊ. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. धर्मानुसार तिची विभागणी हिंदू ९,६३,८७७, ख्रिस्ती ३,६६,१३०, मुस्लिम १,२१,५६४, शीख १,४७३, बौद्ध १,०९५, जैन १,१०९, इतर २५८ आणि धर्म न सांगितलेले ३,०३९ अशी आहे. या आठ संख्यांची बेरीज नेमकी एकूण लोकसंख्येइतकी भरते, म्हणजे मूळ माहितीत खोट नाही.

टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत काढली तर ६६.०८, २५.१०, ८.३३, ०.१०, ०.०८, ०.०८, ०.०२ आणि ०.२१ येते; बेरीज १००.००. एका दशांश स्थळापर्यंत काढली तर ६६.१, २५.१, ८.३, ०.१, ०.१, ०.१, ०.० आणि ०.२, बेरीज पुन्हा १००.०. पण हाच तक्ता पूर्ण टक्क्यांत छापला, तर ६६, २५, ८ आणि पुढे पाच शून्ये, म्हणजे बेरीज ९९. कुणीही कुठेही चुकलेले नाही. आठही आकड्यांचे दशांशानंतरचे भाग प्रत्येकी अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी होते, म्हणून सगळेच गाळले गेले, आणि गाळलेल्या त्या सगळ्या तुकड्यांची मिळून बरोबर एक टक्का बेरीज होते. हीच ओळ कुणी ‘धर्म न सांगितलेले’ हा स्तंभ विसरून उतरवली, तर दोन स्थळांच्या तक्त्यात ९९.७९ येईल. तो ०.२१ चा फरक मात्र पूर्णांकनाच्या नावावर खपवता येणार नाही.

का येणार नाही, हे एका साध्या हिशोबाने ठरते. प्रत्येक आकड्यात पूर्णांकनामुळे जास्तीत जास्त शेवटच्या स्थळाच्या निम्म्याइतकी तफावत येऊ शकते. एका दशांश स्थळाच्या तक्त्यात ती ०.०५, दोन स्थळांच्या तक्त्यात ०.००५. तिला स्तंभांच्या संख्येने गुणले की त्या ओळीची कमाल मुभा मिळते. आपल्या पाण्याच्या तक्त्यात सात स्तंभ आहेत, म्हणजे ०.३५, आणि बेरीज दशांशाच्या पटीतच येत असल्याने प्रत्यक्षात ०.३. धर्माच्या दोन स्थळी तक्त्यात सात स्तंभ उरले असतील तर मुभा ०.०३५ ची, आणि फरक मात्र ०.२१ चा. सातही आकडे एकाच दिशेला पूर्ण ताकदीने ढळणे फार विरळा असते, म्हणून मुभा ०.३ असली तरी सहसा फरक ०.१ चा येतो, कधी ०.२ चा. ०.३ आला तर मी ती ओळ पुन्हा एकदा वाचून घेतो आणि तशीच आली तर पुढे जातो.

गाव अ आणि शेवटची ओळ अशा रीतीने निकालात निघाल्या. त्यांच्या पुढे ‘पूर्णांकन, ०.१’ एवढेच लिहावे. कोणताही आकडा बदलायचा नाही, सर्वांत मोठ्या आकड्यात ०.१ मिळवून टाकण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते ती छापील तक्ता उतरवताना वापरायची नाही.

गाव इ: पाचाचा फरक

फरक मुभेबाहेर गेला की आकडे पुन्हा वाचण्याआधी फरकाकडेच नीट पाहावे, कारण तो बहुधा स्वतःचे कारण सांगतो. इंग्रजी अंकांत तीन आणि आठ हे पुसट छपाईत एकमेकांसारखे दिसतात, आणि त्यांच्यातला फरक पाचाचा आहे. एक आणि सात यांच्यात सहाचा. म्हणून फरक नेमका ५.० आला तर एककाच्या जागी कुठे तीन किंवा आठ आहे ते पाहावे, ०.५ आला तर दशांशाच्या जागी. देवनागरी अंकांत छापलेल्या अहवालात एक आणि नऊ यांची गल्लत होते, तिथे फरक आठाचा येतो.

गाव इ मध्ये बेरीज ५.० ने कमी आहे, म्हणजे कुठल्या तरी आठाचा आपण तीन वाचला असावा. आता ओळ पाहा. ६३.८ मध्ये एककाला तीन आहे, १३.१ मध्ये आहे आणि ३.१ मध्येही आहे. तिन्हींपैकी कोणत्याही एकाचा आठ केला की ओळ बरोबर शंभर भरते.

माझी चूक झाली होती ती इथेच. कामाच्या सुरुवातीच्या महिन्यात अशाच एका ओळीत मी पहिला दिसलेला तीन पकडला, त्याचा आठ केला, शंभर भरलेले पाहिले आणि पुढच्या पानावर गेलो. चूक होती शेजारच्या स्तंभात. परिणामी एकाच ओळीत दोन आकडे खोटे झाले, आणि बेरीज जुळत असल्यामुळे पुढे कुणालाच संशय आला नाही. कित्येक आठवड्यांनी एका सहकाऱ्याने स्तंभाची तपासणी केली तेव्हा ते उघडकीला आले. बेरीज जुळणे आणि आकडे बरोबर असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तेव्हा नीट समजले.

तेव्हा छायाचित्र मोठे करून तिन्ही जागा पाहाव्यात, त्याच पानावरच्या निःसंशय तीनाशी आणि निःसंशय आठाशी ताडून पाहाव्यात. आठाची डावी बाजू बंद असते, तीनाची उघडी. समजा उघड्या विहिरीच्या १३.१ मध्ये डाव्या बाजूला शाईची फिकट खूण दिसते, पण खात्री होत नाही. अशा वेळी उभी तपासणी मदतीला येते.

उभी तपासणी: शेवटच्या ओळीचा उपयोग

टक्केवारीच्या तक्त्यातली शेवटची ‘एकूण’ ओळ ही वरच्या ओळींची बेरीज नसते, आणि साधी सरासरीही नसते. नळाच्या स्तंभातील चार आकड्यांची साधी सरासरी ६८.६ येते, छापील आहे ६९.२. हा फरक चुकीचा नाही, कारण गावे सारख्या आकाराची नाहीत. प्रत्येक टक्केवारीला त्या गावातील कुटुंबांच्या संख्येने गुणावे, चारही गुणाकारांची बेरीज करावी आणि तिला एकूण कुटुंबांनी भागावे. म्हणजेच भारित सरासरी काढावी. नळाच्या स्तंभासाठी सूत्र असे:

```
=ROUND(SUMPRODUCT($B$2:$B$5,C2:C5)/SUM($B$2:$B$5),1)
```

हे सूत्र उजवीकडे I स्तंभापर्यंत ओढून न्यावे आणि आलेली उत्तरे छापील शेवटच्या ओळीशी ताडावीत. इथे ०.१ पर्यंतचा फरक सोडून द्यावा. तो पूर्णांकनातून येऊ शकतो, त्याहून जास्त नाही.

नळाचे उत्तर ६९.२ येते, छापीलही तेच. म्हणजे ६३.८ मधला तीन हा तीनच आहे. तो आठ असता तर उत्तर ७०.५ आले असते. उघड्या विहिरीचे उत्तर येते १५.२, छापील आहे १६.४. फरक १.२ चा. आता १३.१ च्या जागी १८.१ घालून पाहिले की १६.४ येते. अशा रीतीने ओळीने सांगितले की पाच कमी आहेत, आणि स्तंभाने सांगितले की ते कुठे कमी आहेत. झऱ्याच्या स्तंभातही गडबड आहे, पण ती वेगळी. तिच्याकडे आता येऊ. आकडा दुरुस्त करण्याआधी पुन्हा छायाचित्राकडे जावे, आठाची डावी बाजू शोधावी आणि ती दिसल्यावरच १८.१ लिहावे. ही आपली वाचनाची चूक होती, तिची नोंद आपल्या कामाच्या वहीत होते, बाहेर कुणाला कळवायची नसते.

उभ्या तपासणीसाठी ओळी पूर्ण असाव्या लागतात. तालुके जिल्ह्यात मिळवताना हे विशेष सांभाळावे. २०११ च्या जनगणनेत फोंडा तालुका उत्तर गोवा जिल्ह्यात मोजला आहे. २०१५ पासून तो दक्षिण गोव्यात आहे. आजच्या समजुतीने फोंडा दक्षिणेत घालून २०११ चे जिल्हे जुळवायला बसले तर दोन्ही जिल्हे चुकतात, आणि चूक छापणाऱ्याची वाटते.

गाव ई: सहा पूर्णांक तीन दशांशाचा फरक

फरक अधिक ६.३. बिंदू काढून टाकला तर ६३, आणि ६३ ला नऊने नि:शेष भाग जातो. हिशेबनीसांची ही जुनी युक्ती आहे: शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की पडणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो, आणि नऊने भागून येणारे उत्तर हे त्या दोन अंकांमधले अंतर असते. इथे उत्तर ७. ओळीत एकक आणि दशांश यांच्यात सात अंतर असलेला, आणि उलटा केल्यावर लहान होणारा, आकडा एकच आहे: झऱ्याचा ९.२. उलट केला तर २.९, आणि ओळ शंभर भरते. अर्थात नऊने भाग जाणे हा पुरावा नव्हे, कारण कोणत्याही नऊ फरकांपैकी एकाला तसा भाग योगायोगानेही जातोच. तो फक्त कुठे पाहायचे ते सुचवतो.

छायाचित्र मोठे केले. नऊ स्वच्छ, बिंदू जागेवर, दोन स्वच्छ. आपण बरोबर वाचले आहे, छापलेलेच ९.२ आहे. झऱ्याच्या स्तंभाची भारित सरासरी ४.९ येते, छापील ‘एकूण’ ३.४ आहे, २.९ घालून पाहिले तर ३.४ येते. म्हणजे ओळ आणि स्तंभ दोघेही एकाच घराकडे बोट दाखवतात आणि एकच आकडा सुचवतात. त्याच खंडात टक्केवारीऐवजी कुटुंबांच्या संख्येचा तक्ता असेल तर तोही उघडावा. गाव ई मध्ये झऱ्यावर अवलंबून असलेली कुटुंबे २९ छापली असतील तर शंका उरत नाही. खंडाच्या सुरुवातीला किंवा शेवटी शुद्धिपत्र चिकटवलेले आहे का तेही पाहावे. ते सुटे असते, अनेकदा गळून पडते, आणि छायाचित्र काढणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

एवढे सगळे होऊनही आपल्या तक्त्यातल्या त्या घरात ९.२ च राहतो. २.९ हा आपला अंदाज आहे, कितीही पक्का असला तरी. तो शेजारी ‘सुचवलेला आकडा’ अशा वेगळ्या स्तंभात लिहावा, म्हणजे पुढच्या माणसाला छापील काय आणि आपले काय हे वेगळे दिसते.

शंभर भरायलाच नको अशा ओळी

कळवण्याआधी शेवटची एक पडताळणी करावी, नाहीतर हसू होते. पाण्याच्याच तक्त्यात कधी ‘नळ’ या स्तंभाखाली ‘शुद्ध केलेले’ आणि ‘शुद्ध न केलेले’ असे दोन उपस्तंभ असतात. कुणी तिन्ही मिळवले तर नळ दोनदा मोजला जातो आणि बेरीज १७० च्या घरात जाते. फरक एखाद्या स्तंभाइतकाच नेमका आला तर हेच कारण समजावे.

घरातील वस्तूंचा तक्ता, म्हणजे दूरदर्शन संच, दूरध्वनी, सायकल, संगणक वगैरे, कधीच शंभर भरत नाही, कारण एकाच घरात चारही असू शकतात. ‘एकाहून अधिक उत्तरे शक्य’ असे शीर्षकात किंवा टिपेत लिहिलेले असते, पण नसले तरी स्तंभांची नावे वाचून कळायला हवे. काही तक्त्यांत टक्केवारी आडवी नसून उभी असते, १००.० उजवीकडे न दिसता खाली दिसत असेल तर ओळीऐवजी स्तंभ मिळवावेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तक्त्यांत काही आकडे कंसात असतात आणि काही जागी फक्त तारांकन असते. कंसातला आकडा २५ ते ४९ प्रकरणांवर आधारलेला असतो, आणि तारांकन म्हणजे प्रकरणे २५ पेक्षाही कमी असल्याने आकडा छापलेलाच नाही. तारांकन असलेल्या ओळीची बेरीज करू नये, आणि शंभरातून बाकीचे वजा करून तारांकनाची जागा भरू तर मुळीच नये. गोव्यासारख्या लहान राज्याच्या तक्त्यांत ही तारांकने बरीच भेटतात.

कळवायचे ते असे

नोंद लिहिताना वाचणाऱ्याला खंड उघडून दोन मिनिटांत तीच जागा सापडली पाहिजे, आणि आपण काय काय पडताळले हे पुन्हा विचारावे लागता कामा नये. ‘तक्त्यात चूक आहे, कृपया पाहावे’ अशा निरोपाचा उपयोग होत नाही. गाव ई ची नोंद मी अशी लिहीन:

> खंडाचे नाव व वर्ष, तक्ता क्रमांक, पान क्रमांक, छायाचित्राच्या फाइलचे नाव.
> ओळ: गाव ई. स्तंभ: झरा. छापील आकडा ९.२.
> सात स्तंभांची बेरीज १०६.३ येते, छापील एकूण १००.० आहे. फरक ६.३, पूर्णांकनाची कमाल मुभा ०.३.
> झरा या स्तंभाची कुटुंबसंख्येनुसार भारित सरासरी ४.९ येते, छापील एकूण ३.४ आहे.
> ९.२ च्या जागी २.९ धरल्यास ओळीची बेरीज १००.० आणि स्तंभाची सरासरी ३.४ येते. अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आहे.
> छायाचित्र दोघांनी स्वतंत्रपणे वाचले. शुद्धिपत्र आढळले नाही. संख्येचा तक्ता उपलब्ध नाही. उतरवलेल्या तक्त्यात छापील आकडा तसाच ठेवला आहे.

भाषा अशीच सपाट ठेवावी. ‘चूक’ हा शब्द मी नोंदीत वापरत नाही. ‘जुळत नाही’ म्हणतो, कारण ते सिद्ध आहे आणि चूक कुणाची हे अजून सिद्ध नाही. ज्या ओळी पूर्णांकनात बसल्या त्या या नोंदीत घालू नयेत, पन्नास ०.१ च्या फरकांत एक ६.३ चा फरक हरवून जातो. सोबत सबंध पानाचे छायाचित्र आणि त्या घराचे मोठे केलेले छायाचित्र, दोन्ही जोडावीत.

नोंद आधी जो माणूस उतरवलेला तक्ता सांभाळतो त्याच्याकडे जाते. छापील आकडाच न जुळणारा निघाला तर खंड ज्या कार्यालयाने प्रकाशित केला त्याच्याकडे. जनगणनेचा असेल तर जनगणना कार्य संचालनालयाकडे, राज्याच्या सर्वेक्षणाचा असेल तर ज्या खात्याचे नाव मुखपृष्ठावर आहे त्याच्याकडे. उत्तर यायला वेळ लागतो आणि कधी येतही नाही. तोवर नोंदीपुढे ‘प्रलंबित’ लिहून तारीख घालावी. उत्तर आले आणि त्यात २.९ मान्य झाले, तर सुचवलेल्या आकड्यापुढे पत्राचा क्रमांक व तारीख लिहावी. छापील आकड्याच्या घरात ९.२ तेव्हाही तसाच राहतो.